घरपट्टी घरावर की जागेवर? एका रस्त्यावरच्या तीन प्लॉटची गोष्ट

जुळे सोलापुरात एकाच रस्त्यावर तीन प्लॉट शेजारीशेजारी आहेत असे धरू. तिन्ही २०० चौरस मीटरचे, तिन्हींच्या जागेचा भाव चौरस मीटरला २० हजार, म्हणजे प्रत्येकी जागा ४० लाखांची. पहिला मोकळा, बाभळी वाढलेल्या. मालक पुण्यात असतो आणि भाव चढायची वाट बघतो. दुसऱ्यावर जुने बैठे घर, त्याची आजची किंमत १० लाख. तिसऱ्यावर खाली दुकाने आणि वर दोन मजले, बांधकाम ५० लाखांचे. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. तुमच्या गल्लीतले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल, आणि तो करावा म्हणूनच हे लिहितो आहे.

या तिघांकडून महापालिकेला वर्षाला ९० हजार हवे आहेत. ते तीन रीतींनी गोळा करता येतात: जागा आणि बांधकाम दोन्हींवर सारखा दर, फक्त जागेवर दर, किंवा दोन्हींवर पण जागेवर जास्त आणि बांधकामावर कमी.

| | मोकळा प्लॉट | बैठे घर | तीन मजली |
|---|---|---|---|
| जागा + बांधकाम, दोन्हींवर ०.५ टक्के | २०,००० | २५,००० | ४५,००० |
| फक्त जागेवर ०.७५ टक्के | ३०,००० | ३०,००० | ३०,००० |
| जागेवर ०.६५, बांधकामावर ०.२ टक्के | २६,००० | २८,००० | ३६,००० |

मधल्या ओळीला अर्थशास्त्रात जमीन मूल्य कर म्हणतात. पाणी, रस्ता, दिवे यांची जोडणी तिघांच्याही दारात सारखीच येते आणि जागाही तिघांनी सारखीच अडवली आहे, म्हणून तिघांना पट्टी सारखी, असा तो सरळ विचार. हा कर चांगला की वाईट हे ठरवायचे असेल तर पहिली आणि मधली ओळ समोरासमोर ठेवावी लागते. शेवटच्या ओळीकडे नंतर येऊ.

पहिल्या ओळीतही एक मेख आहे. मी ती मोकळ्या प्लॉटला जरा कठोर धरली. महाराष्ट्रातल्या महापालिकांमध्ये घरपट्टीची रूढ पद्धत किमतीवरची नाही, भाड्यावरची आहे. मालमत्ता भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी किती येतील ते काढायचे, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरते ते करयोग्य मूल्य. मोकळी जमीनही कायद्याने करपात्र आहे, पण बाभळीच्या प्लॉटला भाडे देणार कोण? त्यामुळे कागदावर त्याचे वार्षिक भाडे नगण्य निघते, आणि पुष्कळदा असा प्लॉट कराच्या नोंदवहीतच नसतो. म्हणजे प्रत्यक्षात पहिल्याची पट्टी २० हजारांच्या कितीतरी खाली, आणि उरलेला बोजा बांधणाऱ्या दोघांवर.

आता तिसऱ्या मालकाने आणखी एक मजला चढवला असे समजा. खर्च २० लाख. पहिल्या रीतीत त्याची पट्टी वर्षाला १० हजारांनी वाढते, आणि ती इमारत उभी आहे तोवर वाढलेलीच राहते. बँकेच्या १० टक्के व्याजाने पाहिले तर दरवर्षीचे १० हजार म्हणजे आजचे एक लाख. वीस लाखांचा मजला त्याला एकवीस लाखांना पडला. हा एक लाख ना गवंड्याला मिळाला ना सिमेंटवाल्याला. काही जण या हिशेबाने मजला चढवतच नाहीत. मग महापालिकेला कर मिळत नाही, भाडेकरूला खोली मिळत नाही आणि गवंड्याला काम मिळत नाही. कोणाचाच फायदा न होता झालेले हे नुकसान अर्थतज्ज्ञांना फार खुपते. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्या मोजून कर घेत, तेव्हा लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या. अंधारातून सरकारला एक पैसाही मिळाला नाही.

जागेवरच्या करात हे घडू शकत नाही, कारण कर लावला म्हणून जागा कमी होत नाही. २०० चौरस मीटर २०० च राहतात. मालक बांधो न बांधो, पट्टी तीच. वर मजला चढवला तरी तीच. या कराच्या बाजूचा खरा युक्तिवाद एवढाच आहे आणि तो २०० वर्षांहून जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली जागेच्या भाड्यावरचा कर हा सर्वांत निर्धोक करांपैकी एक मानला. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये तो नीट मांडला. हेन्री जॉर्ज या अमेरिकन पत्रकाराने १८७९ मध्ये त्याची चळवळ केली. आणि गंमत अशी की सरकारने कमीत कमी कर घ्यावा म्हणणारा मिल्टन फ्रीडमनसुद्धा, सगळे कर वाईटच, पण त्यांतला सर्वांत कमी वाईट हा, असे म्हणून गेला. जॉर्ज आणि फ्रीडमन यांचे इतर बाबतींत कुठे जुळले असते असे मला वाटत नाही.

इथे प्रत्येक सभेत एक प्रश्न हमखास येतो: मालक ही पट्टी भाडेकरूवरच ढकलणार ना? यंत्रमागाची शेड भाड्याने घेऊन चादरी आणि टॉवेल विणणाऱ्याच्या दृष्टीने पाहू. अक्कलकोट रोडच्या बाजूला त्याने महिन्याला १५ हजारांनी शेड घेतली आहे. हे १५ हजार कुठून ठरले? त्या भागात शेड किती रिकाम्या आहेत आणि त्याला धंद्यातून किती परवडते, यावरून. मालकाच्या खर्चावरून नव्हे. मालकाला १८ हजार मिळण्यासारखे असते तर त्याने कर यायची वाट न पाहता ते आधीच मागितले असते. जागेवर कर वाढला म्हणून शेडची संख्या घटली नाही आणि विणकराची कमाई वाढली नाही. मग भाडे वाढवायला मालकाच्या हातात नवे कारण काय? उलट शेजारचा मोकळा प्लॉटवालाही आता दरवर्षी पट्टी भरतो आहे, म्हणून तोही शेड बांधून भाड्याने द्यायला बघतो.

बांधकामावरच्या करात याच्या उलट होते. कर वाढला की नवी शेड बांधणे परवडत नाही, काही वर्षांत शेडचा तुटवडा होतो आणि भाडे चढते. म्हणजे इमारतीवरचा कर हळूहळू भाडेकरूच्या खिशापर्यंत पोचतो आणि जागेवरचा मालकाकडेच अडकतो. एक अपवाद मात्र खरा आहे. करारातच ‘पट्टी भाडेकरूने भरावी’ असे लिहिले असेल तर करार संपेपर्यंत ती त्याच्याच अंगावर पडेल. नवा करार करताना ती भाड्यातून वजा होते, पण तोवर त्याने सोसायचे.

मालकाकडे अडकणे म्हणजे नेमके काय, हेही पाहिले पाहिजे, कारण विरोधाचे मूळ तिथेच आहे. मोकळ्या प्लॉटची पट्टी १० हजारांनी वाढली. गुंतवणुकीवर ५ टक्के सुटावेत अशी अपेक्षा ठेवणारा गिऱ्हाईक हे १० हजार वजा करूनच बोली लावणार, म्हणजे ढोबळमानाने दोन लाख कमी. ४० लाखांचा प्लॉट ३८ लाखांना मागितला जाईल. पुढच्या खरेदीदाराचे काही बिघडत नाही, त्याला जागा स्वस्त मिळाली आणि पट्टी महाग. घाटा होतो तो कर जाहीर झाला त्या दिवशी सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर ज्याचे नाव आहे त्याला, एकदाच आणि कायमचा. बांधकामावरचा कर उतरला की बांधू इच्छिणारे जागेला जास्त देऊ लागतात, त्यामुळे घसरण थोडी भरूनही निघते. पण गेल्याच वर्षी कर्ज काढून प्लॉट घेतलेल्या शिक्षकाला हे सांगून समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

मग मालकाचा हा घाटा न्याय्य कसा? इथे सोलापूरचेच उदाहरण पुरे आहे. होटगी रोडच्या विमानतळाला अडसर ठरलेली साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि २०२५ मध्ये विमाने सुरू झाली. त्या रस्त्यालगत प्लॉट धरून बसलेल्याने यात काय केले? काही नाही. उजनीहून येणारे पाणी उद्या हद्दवाढ भागात रोज येऊ लागले तर तिथल्या प्लॉटचे भाव चढतील, आणि जलवाहिनीचा पैसा मात्र सगळ्यांच्या करातून गेलेला असेल. घरमालकाने बांधलेली खोली ही त्याची कमाई आहे. त्याच्या जागेचा चढलेला भाव बहुतांशी गावाची कमाई आहे. मला या सगळ्या युक्तिवादात हीच बाजू सर्वांत पक्की वाटते.

आणि हा विचार आपल्याला परका नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात सारा ठरवला तो याच तत्त्वावर. १८६५ च्या पाहणीच्या कायद्यात लिहिलेले होते की फेरआकारणी करताना रयतेने स्वतःच्या पैशाने केलेली सुधारणा धरायची नाही. धरायचे ते जमिनीचा कस, ठिकाण, मालाचे भाव आणि दळणवळणाची सोय. म्हणजे शेतकऱ्याने स्वतः विहीर खणली तर त्यासाठी सारा वाढणार नाही, पण गावाजवळून रेल्वे गेली तर वाढेल. शहरातल्या जमीन मूल्य कराची व्याख्या याहून वेगळी नाही. बिनशेती साराही जमिनीवरच बसत आला, वरच्या इमारतीवर नाही.

पण त्याच इतिहासात या कराचे दुखणेही दिसते, आणि तेही आपल्या शेजारीच. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात रिकार्डोचा भाड्याचा सिद्धांत जसाच्या तसा जमिनीवर उतरवायचे ठरवले. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. सिद्धांत चोख होता. निव्वळ उत्पन्नाचे आकडे मात्र चुकीचे होते, मोजणी करणाऱ्यांनी लाच खाल्ली होती आणि इंदापुरात शेते ओस पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर नव्याने मोजले, निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून जमिनीची प्रतवारी केली, दर उतरवले आणि ३० वर्षांसाठी बांधून दिले. तीच रीत १८४० च्या आसपास माढा, मोहोळकडे आली. कर तोच, पण मूल्यांकन चुकले तेव्हा गावे उठली आणि ते साधले तेव्हा टिकली.

म्हणून सोलापुरात याच्या बाजूने हात वर करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: जागेचा भाव कोण आणि कसा ठरवणार?

बांधलेल्या मालमत्तेतून जागेची किंमत वेगळी काढता येते. बँकेसाठी मूल्यांकन करणारे आम्ही लोक हे रोज करतो. वरच्यासारखेच एक बैठे घर ४८ लाखांना विकले गेले असे धरा. बांधकाम १२० चौरस मीटर, आज नवे बांधायला चौरस मीटरला २० हजार, म्हणजे २४ लाख. घर जुने, निम्मे आयुष्य सरलेले, म्हणून निम्मा घसारा. बांधकाम उरले १२ लाखांचे. ४८ मधून १२ गेले, जागा ३६ लाखांची, म्हणजे चौरस मीटरला १८ हजार. मग त्याच रस्त्यावर अलीकडे मोकळा प्लॉट कितीला गेला ते पाहायचे. तो २० च्या आसपास असेल तर आकडा विश्वासाचा. १२ किंवा ३० असेल तर कुठेतरी घोटाळा आहे.

अडचण गणितात नाही, ४८ या आकड्यात आहे. दस्तावर लिहिलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत वेगळी असते हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या दरापेक्षा, कमी किमतीवर चालत नाही, म्हणून दस्त रेडी रेकनरच्या आकड्याला चिकटून केला जातो आणि उरलेला व्यवहार रोख. पुढच्या वर्षीचे रेडी रेकनर पुन्हा अशाच दस्तांकडे पाहून ठरायचे. आरशात आरसा दिसावा तसा हा प्रकार आहे. रेडी रेकनरमध्ये मोकळ्या जमिनीचा दर वेगळ्या रकान्यात मिळतो ही मोठी सोय आहे, कित्येक देशांत तेवढेही नसते. पण तो दर एका मूल्य विभागाला एकच असतो. मुख्य रस्त्यावरचा कोपरा आणि आतल्या बोळातला प्लॉट एकाच दरात बसले की बोळवाला जास्त भरतो आणि कोपऱ्यावाला सुटतो.

चूक ओळखायची खूण सोपी आहे. जागेचे दर प्लॉटनिहाय नकाशावर मांडले तर ते चढावे-उतरावेत हळूहळू. नवी पेठेत चढे, हद्दवाढ भागाच्या कडेला उतरते, मुख्य रस्त्याला थोडे वर. लागून असलेल्या दोन सारख्या प्लॉटांत दीडपट फरक दिसला आणि मध्ये नाला, आरक्षण किंवा रस्त्याची रुंदी असे काही कारण नसेल, तर एकाचा दर चुकला आहे. बांधकामाचे मूल्यांकन असे शेजाऱ्याला तपासता येत नाही, कारण तुमच्या घरातली फरशी त्याला दिसत नाही. जागा सगळ्यांना दिसते. हा जमीन मूल्य कराचा कमी बोलला गेलेला फायदा, पण तो मिळतो नकाशा जाहीर केला तरच.

नकाशा बिघडला की काय होते ते पिट्सबर्गने दाखवले. अमेरिकेतले पोलादाचे शहर; त्याचे कारखाने बंद पडले तसे आपल्याकडच्या कापड गिरण्या बंद पडल्या. तिथे १९१३ च्या कायद्याने जागेवर जास्त आणि इमारतीवर कमी दर सुरू झाला, आणि १९७९–८० मध्ये तो फरक वाढवून जागेचा दर इमारतीच्या पाचपटीहून वर नेला. पुढच्या दशकात बांधकाम परवान्यांची किंमत आधीच्या दोन दशकांच्या सरासरीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी वाढली, तेही शेजारची बहुतेक शहरे घसरत असताना. ओट्स आणि श्वाब या दोघांनी याचा अभ्यास १९९७ मध्ये मांडला. त्यांनी सावधपणे म्हटले की तेजीचे मुख्य कारण कार्यालयांच्या जागेची टंचाई असावी. कराने इतकेच केले की इमारतींवर बोजा न टाकता महसूल मिळवून दिला. या कराचे भक्त ७० टक्क्यांचा आकडा सांगतात आणि पुढचे वाक्य गिळतात. २००१ मध्ये तिथे परगण्याने जुनाट झालेली मूल्ये एका झटक्यात नव्याने काढली. काहींच्या जागेचे मूल्य कित्येक पटींनी उसळले, चढ्या दरामुळे बिल अंगावर आले, आरडाओरड झाली आणि शहराने ती पद्धतच सोडून दिली. एस्टोनियात मात्र १९९३ पासून कर फक्त जमिनीवर आहे, इमारतीवर नाही, आणि तो टिकला. पुढे तिथे राहत्या घराच्या जागेला मोठी सूट दिली गेली, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे कायद्याचीही एक भिंत आहे. राज्यांना जमीन आणि इमारतींवर कर लावायचा अधिकार घटनेच्या राज्यसूचीतल्या ४९ क्रमांकाच्या नोंदीने आहे, त्यामुळे घटनेची आडकाठी नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या भांडवली मूल्याच्या, म्हणजे किमतीवरून कर काढण्याच्या, काही नियमांना रद्द ठरवले. जमिनीवर पुढे किती बांधता येईल हे गृहीत धरून आजचा कर काढता येणार नाही, आजची स्थितीच पाहिली पाहिजे, असा त्याचा आशय होता. जमीन मूल्य कर तर नेमका ‘या जागेवर नियमाने काय बांधता येईल’ यावरच उभा असतो. तेव्हा हा बदल महापालिकेच्या ठरावाने होणार नाही, विधिमंडळात कायदा बदलावा लागेल. ‘सभागृहात ठराव करा, उद्यापासून लागू’ असे कोणी सांगत असेल तर त्याचा या विषयाचा अभ्यास नाही.

‘काय बांधता येईल’ हा प्रश्न सोलापुरात आणखी अवघड आहे. विकास आराखड्यात बागेचे किंवा शाळेचे आरक्षण पडलेला प्लॉट घ्या. मालक काहीच बांधू शकत नाही, महापालिका ताब्यात घेत नाही, आणि नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस द्यायलाही आधी दहा वर्षे थांबावे लागते. त्याच्याकडून शेजाऱ्याइतकी पट्टी मागणे म्हणजे लूट. गुंठेवारीतल्या प्लॉटचेही तेच: नियमित झाल्याशिवाय परवानगी नाही, परवानगी नाही तर पूर्ण भाव नाही. अशा जागांचे मूल्य उतरवलेच पाहिजे, आणि ते कोण किती उतरवणार याचे लेखी कोष्टक हवे. नाहीतर उतरवणे हाच एक नवा धंदा होईल.

शिवाय पडून असलेली प्रत्येक जागा भावाची वाट बघत पडलेली नसते. पेठेतल्या अनेक वाड्यांवर चार भावांची आणि त्यांच्या मुलांची नावे आहेत आणि दावा चालू आहे. बंद गिरणीची जागा देणी आणि खटल्यांत अडकलेली असते. तिथे कर वाढवला तर बांधकाम सुरू होणार नाही, फक्त थकबाकी वाढेल. जमीन मूल्य कर मोकळ्या जागा बाजारात आणतो हे खरे, पण ज्यांची मालकी स्वच्छ आहे तेवढ्याच.

आता तुमच्यापुरता निर्णय. बांधकामाची किंमत भागिले जागेची किंमत काढा. वरच्या तिघांत मिळून बांधकाम ६० लाखांचे आणि जागा १ कोटी २० लाखांची, म्हणजे सरासरी निम्मी. ज्याचा आकडा सरासरीच्या वर त्याची पट्टी उतरेल, खाली त्याची चढेल. बैठ्या घराचा आकडा पाव, म्हणून त्याचे पाच हजार वाढले. तिसऱ्याचा सव्वा, म्हणून पंधरा हजार वाचले. शहरभर पाहिले तर फ्लॅटमध्ये राहणारे जवळपास सगळे फायद्यात, कारण एका प्लॉटचा बोजा आठ-दहा घरांत वाटला जातो. हद्दवाढ भागात स्वस्त जागेवर पक्के घर बांधलेलेही फायद्यात. तोट्यात मोकळे प्लॉटवाले, आणि मोक्याच्या जागी जुने बैठे घर असलेले. एक सावधगिरी मात्र हवी: मोठ्या इमारती शहरात पुष्कळ असतील तर तेवढाच महसूल फक्त जागेतून काढायला दर ०.७५ वर राहणार नाही, बराच वर जाईल, आणि मूल्यांकनातली प्रत्येक चूक त्या प्रमाणात जास्त बोचेल.

फ्लॅटवाल्यांना इतकी सवलत कशाला, कचरा तर आठ घरांचा निघतो, असे बैठ्या घरातले विचारतील. बरोबरच आहे. पण कचरा आणि पाणी माणसांमागे वापरले जाते, त्याची किंमत पाणीपट्टी आणि स्वच्छता शुल्कातून घ्यावी. ती भिंतींच्या किमतीतून काढली तर एकट्या माणसाच्या चांगल्या बांधलेल्या घरालाही कचऱ्याचा भुर्दंड बसतो.

उरली ती बैठ्या घरातली निवृत्त बाई, जिची जागा ४० लाखांची आणि पेन्शन तुटपुंजी. या करावरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि ‘विकून लहान घरात जा’ हे त्याचे उत्तर नव्हे. डेन्मार्कमध्ये पेन्शनरांना वाढलेला कर मालमत्तेवर कर्ज म्हणून चढवून ठेवता येतो. घर विकले गेले किंवा वारसांकडे गेले की व्याजासह वसूल होतो. आपल्याकडेही तो बोजा मालमत्ता पत्रकावर चढवणे कठीण नाही.

हे सगळे पाहता माझे मत शेवटच्या ओळीकडे झुकते: जागेवर ०.६५, बांधकामावर ०.२. तिसऱ्याला मजला चढवायचा दंड वर्षाला १० हजारांवरून चार हजारांवर येतो, म्हणजे बराचसा फायदा मिळाला. बैठ्या घराला तीन हजारच जास्त पडतात. आणि जागेच्या दरात चूक झालीच तर पूर्ण बिल तिच्यावर टांगलेले नसते. पूर्ण जमीन मूल्य कर पुस्तकात सर्वांत देखणा आहे, पण तो मागण्याइतका आपला जागेचा नकाशा आज विश्वासाचा नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी प्रत्येक मोकळा प्लॉट नोंदवहीत आणावा. त्याला नवा कायदा लागत नाही. मग प्लॉटनिहाय जागेचे दर नकाशावर लावून हरकती मागवाव्यात, आपल्या दरावरच नव्हे तर शेजाऱ्याच्या कमी दरावरही हरकत घेता येईल अशी सोय ठेवून. त्यानंतर बांधकामाचा दर चार-पाच वर्षांत थोडा थोडा उतरवत जागेचा चढवावा, आणि मूल्ये दरवर्षी थोडी थोडी सुधारावीत, म्हणजे पिट्सबर्गसारखी कित्येक वर्षांची वाढ एकाच बिलात येणार नाही. प्रस्ताव तुमच्या वॉर्डात आला तर दर किती हे विचारण्याआधी नकाशा मागा. तो दाखवायला तयार नसतील, तर आहे ती भाड्यावरची घरपट्टी, तिच्या सगळ्या दोषांसकट, तूर्त बरी.